समजून घ्या : गुंतागुंतीच्या आकृतीत लपलेला पर्याय नेमका शोधायचा कसा?

नवोदयपासून कॉन्स्टेबल भरतीपर्यंत विचारला जाणारा प्रश्न; आकार शोधण्याऐवजी रेषा मोजल्या तर उत्तर लवकर सापडते

भिंगार : पाचवीतल्या मुलांच्या घरी नवोदयची तयारी सुरू झाली की गणिताची उजळणी होते, उतारे वाचून घेतले जातात. आकृत्यांच्या प्रश्नांना मात्र बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो, 'नीट बघ, दिसेल.' मूल नीट बघते, तरी त्याला दिसत नाही. पालकही बघतात आणि त्यांनाही दिसत नाही. शेवटी उत्तरसूची उघडली जाते आणि उत्तर कळल्यावर 'अरे, हे तर समोरच होते' असे सगळ्यांना वाटते.

लपलेल्या आकृतीचा प्रश्न असाच असतो. उत्तर समोर असूनही ते दिसू नये, अशी त्याची रचना असते. त्यामुळे नुसते टक लावून पाहणे हा त्यावरचा उपाय नाही. आकृती कोणत्या कारणाने लपते हे एकदा कळले की ती शोधण्याची पद्धतही सापडते. पद्धत साधी आहे आणि चौकटीची वही, पट्टी व पेन्सिल एवढ्यावर शिकता येते.

हा प्रश्न कुठे येतो?

अहिल्यानगर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे आहे. भिंगारच्या विद्यार्थ्यांना सहावीचा प्रवेश हवा असेल, तर पाचवीत असताना त्यासाठीची निवड चाचणी द्यावी लागते. या चाचणीत 100 गुणांचे 80 प्रश्न असतात. त्यातील 40 प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे असून त्यांना 50 गुण आणि 60 मिनिटे आहेत. हे 40 प्रश्न चार-चारच्या दहा भागांत विभागलेले असतात. लपलेल्या आकृतीचे चार प्रश्न हा त्यातला एक भाग. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, म्हणजे या भागाचे एकूण पाच गुण. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते.

भिंगारचे आणि लष्कराचे नाते जुने आहे. इथे गणवेशाची नोकरी हे अनेक तरुणांचे लक्ष्य असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील कॉन्स्टेबल भरतीसाठी कर्मचारी निवड आयोग जी परीक्षा घेतो, ती 2024 पासून मराठीतूनही देता येते. तिथे 60 मिनिटांत 80 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. या आयोगाच्या परीक्षांतील बुद्धिमत्तेच्या भागातही लपलेल्या आकृतीचे प्रश्न येतात.

दोन्हीकडे प्रश्नाची मांडणी मात्र वेगळी असू शकते. नवोदयमध्ये डावीकडे एक साधी आकृती असते आणि ती उजवीकडच्या चार गुंतागुंतीच्या आकृत्यांपैकी कोणत्या एकीत लपली आहे, हे ओळखायचे असते. दुसऱ्या प्रकारात याच्या उलट असते. प्रश्नात एकच गुंतागुंतीची आकृती दिलेली असते आणि चार साध्या पर्यायांपैकी कोणता तिच्यात लपला आहे, असे विचारलेले असते. हा दुसरा प्रकार आधी समजून घेतला की पहिला सोपा जातो. म्हणून सुरुवात दुसऱ्या प्रकारापासून करू.

आकृती लपते कशी?

कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसल्या की आपली नजर त्या सुट्या-सुट्या पाहत नाही. रेषांमध्ये बंद झालेले छोटे कप्पे ती आधी पकडते. इथे एक त्रिकोण, तिथे एक चौकोन, मध्ये एक पतंग, अशी ती चित्राची वाटणी करते आणि हे काम आपल्या नकळत होते. नजरेची दुसरीही एक सवय आहे. एखादी रेषा सरळ पुढे जात असेल, तर नजरही तिच्यासोबत पुढे जाते, मध्ये थांबत नाही.

आकृती लपवणारा याच दोन सवयींचा फायदा घेतो. तो आधी एक साधा आकार काढतो. मग त्या आकाराच्या आतून रेषा नेतो, त्यामुळे आकाराचे दोन-तीन कप्पे होतात आणि नजर ते कप्पे वेगळे धरते. त्यानंतर तो आकाराच्या कडा बाहेर वाढवतो, म्हणजे कोपरा जिथे संपायला हवा तिथे रेषा संपत नाही. आकाराची एकही रेषा पुसलेली नसते. तरीही आकार दिसेनासा होतो.

रणगाड्यांवर मातकट-हिरव्या रंगाचे वेडेवाकडे पट्टे मारतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पट्टा रणगाड्याच्या कडेवरून आरपार जातो, म्हणून लांबून पाहणाऱ्याच्या नजरेत ती कड तुटते. रणगाडा समोर असतो, पण त्याची बाह्यरेषा जुळत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट गॉटशाल्ट यांनी 1926 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी काही जणांना साध्या आकृत्या तीन वेळा दाखवल्या, तर काहींना तब्बल 520 वेळा. त्यानंतर दोन्ही गटांना त्याच आकृत्या पोटात असलेली गुंतागुंतीची चित्रे दाखवली. लपलेली आकृती शोधा, असे त्यांना सांगितलेले नव्हते. 520 वेळा पाहिलेल्यांना ती आकृती आपोआप दिसायला हवी होती, पण दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. एखादा आकार ओळखीचा असला, म्हणून तो गर्दीत आपोआप उठून दिसत नाही. तो ठरवून आणि पायरीपायरीने शोधावा लागतो.

वहीत काढून पाहा

चौकटीच्या वहीवर चार सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. वरचा डावा कोपरा अ, वरचा उजवा ब, खालचा उजवा क आणि खालचा डावा ड. आता चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या. वरच्या बाजूचा प, उजव्या बाजूचा फ, खालच्या बाजूचा म आणि डाव्या बाजूचा न.

हे चार मध्यबिंदू ओळीने जोडा, म्हणजे पफ, फम, मन आणि नप. चौरसाच्या आत एक तिरपा चौकोन तयार होईल. शेवटी एकच कर्ण काढा, वरच्या डाव्या अ पासून खालच्या उजव्या क पर्यंत. दुसरा कर्ण काढू नका. झाली आपली प्रश्नाकृती.

आता पर्याय असे आहेत, असे समजू.

पहिला पर्याय : दोन सेंटिमीटर बाजूचा छोटा, सरळ उभा चौरस.

दुसरा पर्याय : चार बाजूंची आकृती. तिची सर्वांत लांब कड डावीकडून उजवीकडे वर चढत जाते आणि तिला समांतर असलेली छोटी कड तिच्या खाली उजवीकडे आहे. लांब कडेच्या वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटरची एक उभी कड खाली येते आणि खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरची एक आडवी कड उजवीकडे जाते.

तिसरा पर्याय : उभा त्रिकोण. त्याचा पाया चार सेंटिमीटर आणि उंचीही चार सेंटिमीटर. शिरोबिंदू पायाच्या बरोबर मध्यावर.

चौथा पर्याय : दुसऱ्या पर्यायासारखीच आकृती, पण आरशात पाहिल्यासारखी उलटी. तिची लांब कड डावीकडून उजवीकडे खाली उतरते आणि छोटी कड खाली डावीकडे आहे.

आधी रेषांची मोजदाद

पर्यायांकडे वळण्याआधी प्रश्नाकृतीत कोणत्या दिशेच्या किती रेषा आहेत, ते पाहून घ्यायचे. सुरुवातीला हे काम वेळखाऊ वाटेल, पण सवय झाली की त्याला काही सेकंदच लागतात.

आपल्या आकृतीत आडव्या रेषा दोन, वरची आणि खालची. उभ्या रेषाही दोन, डावी आणि उजवी. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषा तीन. त्यांतला अक हा कर्ण लांब आहे, साधारण 5.7 सेंटिमीटरचा. पफ आणि नम या दोन्ही त्याच्या निम्म्या लांबीच्या. डावीकडून उजवीकडे चढणाऱ्या रेषा फक्त दोन, नप आणि मफ, आणि त्या दोन्ही निम्म्या लांबीच्या. एकूण रेषा झाल्या नऊ.

दिशा चारच आहेत आणि चढणारी लांब रेषा एकही नाही. या दोन नोंदी लक्षात ठेवल्या की पर्याय भराभर बाद होतात.

चार पर्यायांची तपासणी

पहिल्या पर्यायाला, म्हणजे छोट्या चौरसाला, एकमेकींपासून दोन सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या कडा हव्यात. प्रश्नाकृतीत उभ्या रेषा दोनच आहेत आणि त्यांच्यात अंतर आहे चार सेंटिमीटर. पर्याय बाद. हा पर्याय फसवतो, कारण अ या कोपऱ्यात त्याच्या दोन कडा खरोखर आहेत, अप आणि अन. नजर उरलेल्या दोन कडा मनानेच भरून टाकते.

तिसऱ्या पर्यायाचा पाया डक हा आहे आणि शिरोबिंदू प याच्याशी जुळतो. पण त्याच्या दोन्ही तिरप्या कडा फार खड्या आहेत. एक चौकट बाजूला सरकताना त्या दोन चौकटी वर चढतात. आपल्या आकृतीतील सगळ्या तिरप्या रेषा एक चौकट बाजूला आणि एक चौकट वर किंवा खाली अशा जातात. तसा खडा कल कुठेच नाही. पर्याय बाद.

दुसरा पर्याय सर्वांत फसवा आहे. तो आकृतीवर बसवून पाहा. त्याची उभी कड बफ आहे, छोटी तिरपी कड फम आहे आणि आडवी कड मड आहे. चारपैकी तीन कडा तंतोतंत सापडतात. घाईतला विद्यार्थी इथेच उत्तर नोंदवून मोकळा होतो. पण चौथी कड ड पासून ब पर्यंत चढत जाणारी लांब रेषा हवी आणि ती आपण काढलेलीच नाही. पर्याय बाद.

राहिला चौथा. त्याची उभी कड अ पासून न पर्यंत, दोन सेंटिमीटर. ती डाव्या बाजूचा वरचा अर्धा भाग आहे, म्हणजे आहे. न पासून म पर्यंत उतरणारी छोटी तिरपी कड, आहे. म पासून क पर्यंत दोन सेंटिमीटरची आडवी कड, खालच्या बाजूचा उजवा अर्धा भाग, आहे. आणि क पासून अ पर्यंत परत जाणारी लांब कड म्हणजे आपला कर्ण, तोही आहे. चारही कडा सापडल्या आणि पेन्सिल निघाली तिथेच परत आली. उत्तर चौथा पर्याय.

मग हे आधी का दिसले नाही?

आता अ, न, म, क ही आकृती पेन्सिलने गडद करा आणि तिच्या आत पाहा. नप ही रेषा न पासून निघून आकृतीच्या पोटातून कर्णाला छेदते आणि पुढे प कडे जाते. मफ ही रेषाही तशीच म पासून निघून कर्णाला छेदते. या दोन रेषांमुळे आपल्या आकृतीचे तीन कप्पे झाले आहेत, वर एक त्रिकोण, मध्ये एक आयत आणि खाली आणखी एक त्रिकोण. नजरेने हे तीन कप्पे आधीच वेगळे धरले होते. तिघांना मिळून एकच आकार मानायला ती तयार नव्हती.

कोपऱ्यांकडेही पाहा. न जवळ आकृतीची उभी कड संपायला हवी, पण चौरसाची डावी बाजू तशीच खाली ड पर्यंत जाते. म जवळ आडवी कड सुरू व्हायला हवी, पण खालची बाजू डावीकडून सरळ येतच असते. म्हणून न आणि म हे कोपरे कोपऱ्यासारखे दिसत नाहीत.

म्हणून तपासताना दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या. पर्यायाची कड प्रश्नाकृतीतील एखाद्या लांब रेषेचा तुकडा असली तरी चालते. तिला मध्येच दुसरी रेषा छेदून गेली तरीही चालते. चालत नाही ते एवढेच, की कडेचा एखादा भाग मुळात काढलेलाच नसावा.

नवोदयचा उलटा प्रश्न

नवोदयमध्ये साधी आकृती एक आणि गुंतागुंतीच्या चार. तिथे चारही आकृत्यांतील सगळ्या रेषा मोजत बसलो तर दीड मिनिट पुरणार नाही. म्हणून सुरुवात साध्या आकृतीपासून करायची आणि तिचा सर्वांत वेगळा कोपरा निवडायचा.

आपली चौथ्या पर्यायाची आकृती आता प्रश्न म्हणून दिली आहे, असे धरा. तिचे अ आणि क हे दोन कोपरे टोकदार आहेत, तर न आणि म हे पसरट. न याचा कोपरा घेऊ. इथे एक कड सरळ वर जाते आणि दुसरी खाली उजवीकडे उतरते. आता चारही उत्तर आकृत्यांत फक्त एवढेच शोधायचे, की उभी रेषा आणि तिच्यातून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेषा एकत्र येतात असा बिंदू कुठे आहे? ज्या आकृतीत असा बिंदू नाही, ती लगेच बाद. जिथे आहे, तिथून कडेकडेने पेन्सिल फिरवायची. एखादी कड सापडली नाही, तर त्याच आकृतीत तसा दुसरा बिंदू आहे का ते पाहायचे. तोही नसेल, तर पुढची आकृती.

काटकोन मात्र शोधाची सुरुवात म्हणून घेऊ नये. चौरसावर आधारलेल्या आकृत्यांत काटकोन जागोजागी असतात, त्यामुळे त्याने काहीच बाद होत नाही.

कुठे चुकते?

पहिली चूक आकृती मनात फिरवण्याची. दुसरा पर्याय चौथ्यासारखाच आहे, फक्त त्याची बाजू बदललेली आहे. 'आकार तोच आहे' म्हणून तो निवडला तर उत्तर चुकते. फिरवण्याची परवानगी आहे, असे सूचनेत लिहिलेले नसेल, तर आकृती दिली आहे त्याच स्थितीत शोधायची. काही प्रश्नांत 'आकृती फिरवण्यास परवानगी नाही' असे स्पष्ट लिहिलेलेही असते. म्हणून सूचना शेवटपर्यंत वाचावी.

दुसरी चूक मापाची. दिसायला सारखा, पण लहान आकार सापडला की तेच उत्तर वाटते. छपाईत किंवा पडद्यावर आकृत्या थोड्या लहान-मोठ्या होऊ शकतात, त्यामुळे मिलिमीटर जुळवत बसू नये. कडांचे आपसातले प्रमाण पाहावे. आपल्या आकृतीत लांब तिरपी कड छोट्या तिरप्या कडेच्या दुप्पट आहे. हे प्रमाण बिघडले, तर आकृती वेगळी.

तिसरी चूक अर्धवट तपासणीची. चांगला चुकीचा पर्याय एक कड सोडून बाकी सगळ्या कडा जुळवून देतो. दोन-तीन कडा जुळल्या की मन हो म्हणते. म्हणून शेवटची कड पाहिल्याशिवाय थांबायचे नाही. दोन पर्याय बरोबर वाटत असतील, तर त्यांतल्या एकाची एखादी कड तुम्ही मनाने भरलेली असण्याची शक्यता मोठी.

परीक्षा कागदावर आहे की संगणकावर, यानेही फरक पडतो. प्रश्नपत्रिका हातात असेल, तर पेन्सिलचे टोक रेषेवरून हलकेच फिरवता येते. पडद्यावर तशी सोय नसते. तिथे कच्च्या कागदावर पर्यायाची आकृती काढून प्रत्येक कडेची दिशा लिहावी, उदाहरणार्थ 'उभी, उतरती, आडवी, उतरती लांब'. मग पडद्याकडे पाहत एकेका कडेवर खूण करत जायचे. आधी बाद कोणते होतात ते पाहायचे. दोन पर्याय बाद झाले तरी काम निम्मे होते.

वेळेचेही एक गणित आहे. नवोदय निवड चाचणीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे दीड मिनिटात निकाल लागला नाही, तर उरलेल्या पर्यायांतून एक निवडून पुढे जाता येते. कॉन्स्टेबल भरतीच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. तिथे अंदाज लावण्याआधी शक्य तेवढे पर्याय बाद करून घ्यावेत.

घरचा सराव कसा असावा?

नुसती उत्तरे पाहून पुढे जाण्याचा उपयोग थोडा. मुलाला स्वतः आकृती लपवायला सांगा. चौकटीच्या वहीवर त्याने चार-पाच कडांचा एक साधा आकार काढायचा. मग त्याच्या आतून दोन रेषा न्यायच्या, दोन कडा बाहेर वाढवायच्या आणि भोवती एक चौरस घालायचा. त्यानंतर तीन चुकीचे पर्याय तयार करायचे, एक आरशातला, एक प्रमाण बिघडलेला आणि एक असा, की ज्याची फक्त एकच कड मूळ आकृतीत नाही.

हा तिसरा पर्याय बनवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तो बनवताना मुलाला प्रत्येक कड कुठून कुठे जाते हे बघावेच लागते, आणि परीक्षेतल्या प्रश्नात त्याला नेमके तेच करायचे असते.